कात्री मुंढ्यापाशी पोचते तेव्हा

यूट्यूबवर छोटं चॅनेल चालवणाऱ्या माणसानं एखाद्या कंपनीला जाहिरातीबद्दल विचारलं, की उलट टपाली पहिला प्रश्न येतो, "सबस्क्राइबर किती?" आकडा चार हजार असेल तर बोलणं बहुधा तिथंच संपतं. कंपनीतल्या माणसाची यात फारशी चूक नसते. त्याच्यासमोर पन्नास अर्ज पडलेले असतात आणि चॅनेलच्या पानावर बाहेरून दिसणारा ठळक आकडा तेवढाच असतो. बाकीचे बरेच आकडे चॅनेलवाल्याच्या स्वतःच्या खात्यात, यूट्यूब स्टुडिओत असतात. ते आपण दाखवले नाहीत तर कंपनीला कळायला दुसरी वाट नाही. म्हणून असं पत्र कसं लिहावं, त्यात कोणता आकडा घ्यावा आणि कोणता मोह टाळावा, हे एका पत्राच्या आधारानं सांगतो.

समजा, तालुक्याच्या गावात राहणाऱ्या एका ताईंचं शिवणकामाचं चॅनेल आहे. अस्तराचा ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट, लहान मुलींचे परकर-पोलके असं त्या मराठीतून शिकवतात. सबस्क्राइबर ४,१८०. त्यांना शिंपीकामाच्या कात्र्या बनवणाऱ्या एका कंपनीला पत्र लिहायचं आहे. हे चॅनेल आणि त्याचे आकडे हिशेब समजावा म्हणून मी मांडले आहेत. यूट्यूबची मोजणीची रीत मात्र जशी आहे तशीच सांगतोय.

आधी सबस्क्राइबरच्या आकड्याकडेच बघू. कुणीतरी कधीतरी एकदा बटण दाबलं, एवढंच तो सांगतो. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायला घेतलेल्या मुलीनं ते दाबलं असेल आणि त्यानंतर तिनं मशीनला हात लावला नसेल; तरी ती मोजणीत आहे. "तू माझं कर, मी तुझं करते" अशा व्हॉट्सअ‍ॅप गटांतून जमवलेले सबस्क्राइबरही त्याच आकड्यात बसतात. असं जमवणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, पण चालतं. शॉर्ट्समुळे आलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. अर्ध्या मिनिटाची रील पाहून बटण दाबणारा माणूस चौदा मिनिटांचा कटिंगचा व्हिडिओ बघेलच असं काही नाही. उलट शिवणकामासारख्या विषयात लोक शोधत येतात. "३६ साइज ब्लाऊज कटिंग" असं टाइप करतात, व्हिडिओ बघतात, कापड कापतात आणि बटण न दाबता निघून जातात. पाहण्याच्या एकूण वेळापैकी सबस्क्राइब केलेल्यांचा वाटा किती आणि न केलेल्यांचा किती, हे स्टुडिओत वेगवेगळं दिसतं. आपल्या ताईंच्या चॅनेलवर ७१ टक्के वेळ सबस्क्राइब न केलेल्यांचा आहे. म्हणजे कंपनी ज्या आकड्यावरून त्यांना नाकारते, त्या आकड्यात त्यांचे बहुतेक प्रेक्षक धरलेलेच नाहीत.

आता पत्र.

"सप्रेम नमस्कार.

मी घरगुती शिवणकाम शिकवणारं मराठी चॅनेल चालवते. माझे सबस्क्राइबर ४,१८० आहेत. तुमच्या दहा इंची कात्रीसाठी एक व्हिडिओ करण्याचा प्रस्ताव पाठवत आहे.

माझ्या शेवटच्या दहा मोठ्या व्हिडिओंचे पहिल्या तीस दिवसांतले व्ह्यूज सोबत जोडले आहेत. त्यांचा मध्यक २,६०० आहे. एक व्हिडिओ ४१,००० पर्यंत गेला, पण तो अपवाद समजावा. शॉर्ट्स यात धरलेले नाहीत. एक वर्षाहून जुन्या व्हिडिओंच्या एकूण व्ह्यूजचा मध्यक ९,४०० आहे, कारण लोक गरज पडेल तेव्हा शोधून येतात.

ब्लाऊज कटिंगच्या व्हिडिओत सहाव्या मिनिटाच्या सुमारास मुंढा कापला जातो. त्याच्या थोडं आधी ४७ टक्के प्रेक्षक टिकून असतात. मुंढ्यापाशी ग्राफ वर चढून ६१ टक्क्यांवर जातो, कारण बायका तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पाहतात. त्या वेळी पडद्यावर कापड, माझा हात आणि कात्री एवढंच असतं. तुमची कात्री मी तिथं वापरेन.

अपवादाचा व्हिडिओ सोडून बाकी नऊ व्हिडिओंवर, माझी उत्तरं वगळून, ४७० कॉमेंट आल्या. त्यांतल्या ८३ साधनांबद्दल आहेत आणि ३१ जणींनी थेट कात्री कोणती ते विचारलं आहे. काही नमुने नावं झाकून जोडले आहेत.

माझं मानधन ५,००० रुपये. व्हिडिओवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहीन. कात्री आधी पंधरा दिवस वापरून पाहीन. अस्तर आणि जाड कापड दोन्हींवर ती नीट चालली नाही तर प्रस्ताव मागे घेईन. तीस दिवसांनी आकडे पुन्हा कळवीन.

कळावे."

पत्र एवढंच. ते एका पानात बसलं पाहिजे, कारण वाचणाऱ्याला वेळ नसतो. सबस्क्राइबरचा आकडा दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकला आहे तो मुद्दाम. तो लपवला तर कंपनी आधी तोच शोधते, आणि मग पुढचं सगळं संशयानं वाचलं जातं.

आता त्यातले आकडे कसे निघाले ते बघू. मध्यक हा दहावीच्या बीजगणितात येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. ताईंच्या दहा व्हिडिओंचे व्ह्यूज चढत्या क्रमानं असे: १,७००, १,९००, २,१००, २,३००, २,५००, २,७००, २,९००, ३,२००, ३,७०० आणि ४१,०००. सरासरी काढली तर ६,४०० येते. आकडा घसघशीत आहे, पण या दहांतल्या नऊ व्हिडिओंनी तो कधी पाहिलेलाच नाही. एका व्हायरल व्हिडिओनं सगळ्यांना वर ओढलं आहे. मधल्या दोन आकड्यांचा मध्य घेतला की २,६०० येतात, आणि पुढचा व्हिडिओ त्याच्या आसपास जाण्याची शक्यता जास्त. कंपनीला ६,४०० सांगून काम मिळवलं आणि व्हिडिओ अडीच हजारांवर थांबला, तर ती कंपनी पुन्हा फोन उचलणार नाही. शिवाय पुढच्या वेळी दुसऱ्या कुणा छोट्या चॅनेलवाल्याचं पत्र तिच्याकडे आलं, की त्याच्याकडेही ती त्याच नजरेनं बघेल. मला हे दुसरं नुकसान जास्त लागतं.

तीस दिवसांची मुदत सगळ्या व्हिडिओंना सारखी लावणंही तितकंच गरजेचं. तीन वर्षं जुना व्हिडिओ आणि गेल्या आठवड्यातला व्हिडिओ एकाच रांगेत उभे केले, तर त्या रांगेला अर्थ उरत नाही. शॉर्ट्स वेगळे काढायचं कारणही साधं आहे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की तो व्ह्यू धरतं. किमान किती सेकंद पाहिला याची अट नाही. अंगठ्यानं वर सरकवून गेलेला माणूसही त्यात येतो. मोठ्या व्हिडिओचे आणि शॉर्टचे व्ह्यूज एकत्र मिळवणं म्हणजे दुकानात येऊन कापड पाहणारे आणि दुकानावरून जाणारे एकत्र मोजणं.

पत्राचा प्राण मात्र त्या ग्राफमध्ये आहे. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याची एक रेघ दिसते. ती शंभर टक्क्यांच्या आसपास सुरू होते, पहिल्या अर्ध्या मिनिटात धपकन खाली येते आणि पुढं हळूहळू उतरत जाते. गप्पांच्या व्हिडिओत ती उतरतच राहते. शिकवणाऱ्या व्हिडिओत मात्र तिला मध्ये उंचवटे येतात. ब्लाऊजचा सगळ्यात अवघड भाग मुंढा. खांद्यापासून काखेपर्यंतचं ते वळण एका दमात कापावं लागतं. कात्री मध्येच थांबली किंवा उचलली की कडेला खाच पडते आणि बाही जोडताना तिथं चुणी येते. म्हणून शिकणारी बाई तिथं व्हिडिओ थांबवते, दहा सेकंद मागे जाते, पुन्हा बघते, मग स्वतःच्या कापडाला हात घालते. तिच्या त्या मागे जाण्यानं रेघ वर उचलली जाते. लांब पात्याची, धार लागलेली कात्री त्या वळणावर किती सलग जाते हे दाखवायला याहून चांगली जागा कात्रीच्या कंपनीला मिळायची नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला हातात खोकं धरून "ही बघा कात्री" म्हणण्यात तसं काहीच घडत नाही. तिथं रेघ घसरत असते.

पण हा उंचवटा वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे ६१ टक्के याचा अर्थ शंभरातल्या ६१ जणी तिथं होत्या असा होत नाही. एकीनंच तो भाग तीनदा पाहिला तर तीन वेळा धरला जातो. व्हिडिओचा एखादा भाग फार वेळा पाहिला गेला तर ही टक्केवारी शंभरावरही जाऊ शकते. म्हणून हिशेबाला ताईंनी उंचवट्याआधीचे ४७ टक्के घेतले आहेत आणि ६१ फक्त सांगण्यापुरते. २,६०० चे ४७ टक्के म्हणजे सुमारे १,२००. पहिल्या महिन्यात व्हिडिओ अंदाजे १,२०० वेळा त्या जागेपर्यंत पाहिला जाईल, एवढंच वचन त्या देऊ शकतात. तोही व्ह्यूजचा आकडा आहे, माणसांचा नव्हे, कारण एकच बाई दोन दिवस दोनदा येऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे उंचवटा नेहमी चांगला नसतो. सांगणं कळलं नाही, आवाज फुटला, हाताची सावली मापावर पडली, तरी लोक मागे जातात. यातला फरक कसा ओळखावा? उंचवट्यानंतरची रेघ बघावी. लोक मागे जाऊन पुन्हा पुढं आले असतील तर रेघ आधीच्या उतारावर परत येऊन मिळते. वैतागून निघून गेले असतील तर ती कड्यावरून पडल्यासारखी कोसळते. मग त्याच मिनिटाबद्दलच्या कॉमेंट वाचाव्यात. "६:१० ला मुंढा पावणेसात घेतला की सव्वासात? नीट ऐकू आलं नाही" अशा चार कॉमेंट असतील, तर तो उंचवटा कात्रीचा नसून चुकीच्या आवाजाचा आहे. तो कंपनीला दाखवू नये. तो आपल्यासाठी धडा आहे. पुढच्या व्हिडिओत त्या जागी मापाची पाटी दाखवावी.

कॉमेंटच्या आकड्यात एक खाच आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओखाली दिसणाऱ्या कॉमेंटच्या संख्येत आपण दिलेली उत्तरंही मोजली जातात. ताई मनापासून प्रत्येकीला उत्तर देतात, त्यामुळे नऊ व्हिडिओंवर ८६० कॉमेंट दिसतात. त्यांतली ३९० त्यांची स्वतःची उत्तरं. ती वजा केली की ४७० उरतात. या नऊ व्हिडिओंचे व्ह्यूज २३,०००, म्हणजे हजार व्ह्यूजमागे साधारण वीस कॉमेंट. हा वजाबाकीचा उद्योग हातानं, वहीत रेघा मारत करावा लागतो. एक दुपार जाते. पण तेवढ्यात प्रत्येक कॉमेंट पुन्हा वाचून होते आणि खरा माल तिथं सापडतो. "छान ताई", "खूप सुंदर" या कॉमेंट प्रेमाच्या आहेत. कंपनीला त्यांतून काही कळत नाही. "माझी कात्री अस्तराला सरकते, तुम्ही कोणती वापरता?" ही कॉमेंट वेगळी. लिहिणारीला अडचण आहे, ती खर्च करायला तयार आहे आणि कुणाचं ऐकायचं हेही तिनं ठरवलं आहे. अशा ३१ कॉमेंट पत्रात मोजून सांगितल्या की तीनशे लाइक्सचं काम होतं.

प्रेक्षक स्त्रिया किती, पुरुष किती, हा आकडा मात्र मी पत्रात घातलेला नाही. स्टुडिओ तो दाखवतं, पण तो खात्यावरून येतो. गावाकडं आजही पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यावर चालतो आणि दुपारी तोच फोन शिवणयंत्राशेजारी टेकवून ठेवलेला असतो. मग कॉमेंट पुरुषाच्या नावानं येते आणि आत लिहिलेलं असतं, "मी काल शिवला, फक्त गळा थोडा मोठा झाला." अशा चॅनेलवर पुरुष प्रेक्षक फुगलेले दिसतात. कंपनीनं विचारलं तर आकडा द्यावा आणि सोबत हे कारणही लिहावं. टिकावाची रेघ मोजलेली आहे. हे स्त्री-पुरुषांचं प्रमाण बऱ्याच अंशी अंदाजाचं आहे. दोन्हींवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही.

आता पैशाचं. पाच हजारांना १,२०० नं भागलं तर पहिल्या महिन्यात एका पाहण्यामागे चार रुपयांच्या थोडं वर पडतात. कंपनी लगेच म्हणेल, यूट्यूबवर थेट जाहिरात दिली तर याहून कितीतरी स्वस्त पडते. खरं आहे, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उत्तर दुसरीकडं आहे. जाहिरात पैसे संपले की थांबते. कटिंगचा व्हिडिओ थांबत नाही. ताईंच्या जुन्या व्हिडिओंचा मध्यक ९,४०० आहे. त्याचे ४७ टक्के म्हणजे सुमारे ४,४००. नवा व्हिडिओ तसाच चालला तर वर्षभरानं तोच खर्च सव्वा रुपयाच्या आत येतो. शिवाय पाच सेकंदांनी "स्किप" दाबण्यासाठी बोट रोखून बसलेला माणूस आणि हातात कापड धरून वळण कसं घ्यायचं ते पाहणारी बाई, यांचं पाहणं एकाच भावात मोजू नये.

कंपनीचा हिशेबही आपणच मांडून बघावा. एका कात्रीमागे तिला दीडशे रुपये सुटत असतील, तर पाच हजार वसूल व्हायला ३४ कात्र्या खपाव्या लागतील. ४,४०० पाहण्यांमागे ३४ म्हणजे सुमारे १३० मागे एक. जमण्यासारखं आहे, पण खात्रीचं नाही. कंपनी बिचकत असेल तर मानधन दोन हजारांवर आणावं आणि बाकी चॅनेलच्या सवलतीच्या कोडवर जेवढ्या कात्र्या विकल्या जातील त्यावर घ्यावं. मात्र असं ठरवताना एक ध्यानात असू द्यावं. तालुक्याच्या गावातल्या पुष्कळ बायका व्हिडिओ पाहून कात्रीचं नाव कागदावर लिहून घेतात आणि बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन ती मागतात. ती विक्री कोडमध्ये कधीच दिसत नाही. सगळं मानधन कोडवर बांधलं तर ताईंचं नुकसान ठरलेलं.

"जाहिरात" लिहिण्याचं वचन पत्रात आहे, तो केवळ शिष्टाचार नाही. जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या स्वनियमन संस्थेनं २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पैसे घेतले असोत की फुकट वस्तू, ते प्रेक्षकाला सहज दिसेल अशा रीतीनं सांगायचं असतं. यूट्यूबवरही व्हिडिओ चढवताना पैसे घेऊन केलेल्या प्रचाराची खूण करावी लागते. चार हजारांचं चॅनेल आहे म्हणून यातून सूट नाही. ज्या ३१ जणींनी भरवशानं कात्री विचारली, त्यांना तर हे आधी कळायलाच हवं.

आकड्यांवर कंपनीनं शंका घेतली तर? स्क्रीनशॉट बदलता येतो हे त्यांनाही माहीत असतं. मागितल्यास व्हिडिओ कॉलवर स्टुडिओ उघडून दाखवावा. फार खोलात जायचं असेल तर स्टुडिओच्या Settings मध्ये Permissions आहे; तिथून Viewer (limited) म्हणून एखाद्याला आत घेता येतं. त्याला आकडे दिसतात, पण चॅनेलची कमाई दिसत नाही आणि काही बदलता येत नाही. काम झालं की ते नाव काढून टाकावं. पासवर्ड मात्र कुणालाही, कुठल्याही कारणानं देऊ नये.

पत्राचा शेवटचा भाग तीस दिवसांनी लिहिला जातो, आणि बहुतेक जण तो लिहितच नाहीत. समजा व्हिडिओ २,२५० वर थांबला, मध्यकापेक्षा कमी. मुंढ्याआधी ४९ टक्के टिकले, म्हणजे सुमारे १,१०० पाहणी झाली. ठरल्यापेक्षा शंभरानं कमी. कोडवर नऊ कात्र्या गेल्या. कात्री कुठल्या दुकानात मिळेल असं विचारणाऱ्या चौदा कॉमेंट आल्या, त्यांतल्या सहा विदर्भातल्या गावांतून. ताईंनी हे सगळं आहे तसं कळवावं, कमी पडलेलं आधी. आणि खाली एक ओळ जोडावी: "डावखुऱ्या तिघींनी विचारलं की त्यांच्यासाठी कात्री मिळते का. मिळत असेल तर नमुना पाठवा, मुंढा डाव्या हातानं कसा कापायचा ते दाखवणारा व्हिडिओ करते."